८ महिने, २२,८०० किलोमीटर: घोडबंदर रोडवर स्कूटरने डिलिव्हरी

११० सीसीची सेकंडहँड स्कूटर ५२,००० ला घेतली तेव्हा मीटरवर १८,२०० होते. आज ४१,००० आहेत. ठाण्यात मानपाडा ते कासारवडवली हा माझा पट्टा, जेवणाच्या ऑर्डरी, रोज दहाएक तास.

गेल्या महिन्यात २६ दिवसांचे अ‍ॅपवर २४,३०० जमा झाले. आकडा बघून बरं वाटतं. पण अ‍ॅपने मोजलेलं अंतर १,६५० किलोमीटर, आणि स्कूटरच्या मीटरवर २,८६०. मधले बाराशे किलोमीटर गेले कुठे? ग्राहकाच्या टॉवरवरून रिकामं परत येण्यात आणि यू-टर्न शोधण्यात. त्याचे पैसे कोणी देत नाही, पेट्रोल मात्र जळतं.

अ‍ॅव्हरेज मी टाकी फुल्ल टू फुल्ल करून काढतो. मोकळ्या रस्त्यावर ५० देणारी गाडी या कामात ४२ देते. पेट्रोल १०४ धरलं तर महिन्याचे ७,०८० तिथेच गेले. ऑइल, टायर, ब्रेक शू, पंक्चर, बॅटरी मिळून आठ महिन्यांत १६,००० लागले, म्हणजे किलोमीटरला ७० पैसे. आणि गाडीची किंमत उतरते ती? मेकॅनिक आता ३८,००० सांगतो. म्हणजे आणखी साधारण ६० पैसे. सगळं वजा जाता महिन्याचे १३,५०० उरतात, तासाला ५२ रुपये. घरी हा हिशोब सांगितला तेव्हा बायको म्हणाली, "मग चोवीस हजार कशाला सांगत होतास?"

सगळ्यात महाग पडला तो इंजिनचा जोर मागच्या चाकाला देणारा बेल्ट. दुसऱ्याच महिन्यात, २३,००० ला, रात्री अकराला पातलीपाड्याजवळ इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, चाक फिरेना. आठवडाभर उचलताना झटका बसत होता, पुलाच्या चढावर गाडी मरत होती. मी म्हटलं, पेट्रोलमध्ये काही असेल. मेकॅनिकने साइड कव्हर उघडलं तर रबराचे धागे क्लचभोवती गुंडाळलेले. "भाऊ, आधी आला असतास तर बेल्ट-रोलरमध्ये भागलं असतं." तेराशेच्या जागी २,९०० गेले, आणि दीड दिवसाचा धंदा वेगळाच. जुनी गाडी घेताना बेल्ट कधी बदललाय हे मी विचारलंच नव्हतं.

आता ऑर्डर घेताना येण्या-जाण्याचं अंतर धरतो. माझा खर्च किलोमीटरला ३ रुपये ८० पैसे. साडेचार किलोमीटरची ४८ रुपयांची ऑर्डर परतीसकट साडेनऊ किलोमीटर होते, ३६ रुपये खर्च. पाऊण तास घालवून, त्यात गेटवरची नोंद आणि सर्व्हिस लिफ्टची वाट आलीच, हातात १२. जवळची ३२ रुपयांची ऑर्डर तीन किलोमीटरमध्ये आटपते आणि वीस रुपये सुटतात. इन्सेंटिव्हसाठी कधी कधी लांबची घ्यावीच लागते, ते वेगळं.

सीटखाली मार्करने लिहून ठेवलंय: बेल्ट ४३,०००. म्हणजे अजून तीन आठवडे.