छिन्नमनस्कता की दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व? घरच्यांनी फरक कसा ओळखावा

घोटाळा नावापासूनच आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी १९०८ मध्ये ग्रीक शब्द जोडून ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव घडवलं. विचार, भावना आणि वागणं यांची सांगड सुटते, असं त्यांना म्हणायचं होतं. मराठीत ‘छिन्नमनस्कता’ झालं आणि लोक समजले, एका अंगात दोन माणसं.

समजा, बावीस वर्षांचा मुलगा आहे. कॉलेज सुटलंय, आंघोळ टाळतो. खोलीत कुणी नसताना त्याला दोघांचं बोलणं ऐकू येतं: ‘बघ, उठला. आता पाणी पिणार.’ हा भास. स्विचबोर्डवर त्याने चिकटपट्टी लावलीय, कारण शेजारी त्यातून ऐकतात अशी त्याची खात्री आहे. हा भ्रम. बोर्ड उघडून नुसत्या तारा दाखवल्या, तर तो म्हणतो, ‘तुम्ही उघडणार हे कळल्यावर यंत्र काढून नेलं.’ म्हणून वाद घालून उपयोग होत नाही.

आई म्हणते, ‘हा माझा पोरगाच राहिला नाही.’ पण काल रात्री काय झालं विचारा, तो सगळं सांगतो. माणूस एकच आहे, त्याला जाणवणारं जग बदललंय.

दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वात आठवणीच तुटतात. कपाटात स्वतः आणलेले कपडे सापडतात, पण घेतल्याचं आठवत नाही. कधी वेगळ्याच ओळखीने बोलणं होतं. मुळाशी बहुधा लहानपणीचे गंभीर आघात असतात. आवाज मात्र इथेही ऐकू येऊ शकतात, त्यामुळे नुसत्या आवाजांवरून ठरवू नका. आठवणीतल्या रिकाम्या जागा विचारा.

उपचारांची वाट इथेच वेगळी होते. छिन्नमनस्कतेत मेंदूच्या एका भागात डोपामाइन जास्त सुटतं. हे रसायन ‘इकडे लक्ष दे’ असा इशारा देतं. तो इशारा सतत मिळाला की शेजाऱ्याचं खोकणंसुद्धा आपल्यासाठीच वाटतं, आणि मन त्याची गोष्ट रचतं. १९५२ पासून वापरात आलेली क्लोरप्रोमाझिन आणि तिच्यानंतरची बहुतेक औषधं डोपामाइनचे डी-२ ग्राहक, म्हणजे मेंदूच्या पेशींवर डोपामाइन जिथे येऊन चिकटतं त्या जागा, अडवतात. साधारण ६५ टक्के अडले की भास-भ्रम ओसरू लागतात. ८० च्या वर गेले की अंग ताठरतं, हात थरथरतात. म्हणून जास्त गोळ्या म्हणजे जास्त गुण नव्हे. आणि या सिद्धांताची मर्यादाही घरातच दिसते: आवाज थांबतात, पण उत्साह आणि बोलणं तेवढं परतत नाही. ‘आळशीपणा करतो’ असं त्याला म्हणू नका, तो आजाराचाच भाग आहे.

दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वावर असं खास औषध नाही. तिथे मुख्य उपचार म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या मानसोपचाराच्या बैठका.

तरीही पहिली भेट मनोविकारतज्ज्ञांचीच घ्या. गांजा, फिट्स किंवा थायरॉइडमुळेही असंच दिसू शकतं, ते आधी तपासावं लागतं. जाताना चार ओळी लिहून न्या: कधीपासून, काय ऐकू येतं, कशाची खात्री वाटते, काय आठवत नाही. आणि आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.