थेट हॉस्पिटलला की नातेवाइकाच्या खात्यात?

बहिणीच्या परदेशातल्या ऑपरेशनसाठी १५ लाख पाठवायचे आहेत. पॅन आणि परदेशात पैसे पाठवण्याचा बँकेचा ए-२ फॉर्म दोन्हीकडे लागतातच.

हॉस्पिटलच्या खात्यावर पाठवताना रुग्णाच्या नावाचं खर्चाचं एस्टिमेट जोडा आणि ए-२ वर उपचाराचा कोड S0304 टाका. २०२५-२६च्या दरांनुसार १० लाखांपुढच्या पाच लाखांवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर: २५,००० रुपये.

बहिणीच्या खात्यावर पाठवणं सोपं वाटतं, पण तिथे काउंटरवरचा माणूस सवयीने ‘नातेवाइकाचा उदरनिर्वाह’, S1301 लिहितो. मग २० टक्के, थेट एक लाख! रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. मी हॉस्पिटललाच पाठवेन. सही करण्याआधी कोड मात्र स्वतः वाचा.