उताऱ्यावर नाव आजींचं, घर मात्र मुलांचं

मखमलाबाद रोडला आम्ही २०१९ साली एक जुनं बैठं घर ४६ लाखांना घेतलं. बाजारभावापेक्षा स्वस्त होतं, तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. एजंट म्हणाला, "आजींचं एकटीचं नाव आहे, कुणाची कटकट नाही." सातबाऱ्यावर खरंच एकच नाव होतं. नावापुढे कंसात फेरफाराचा, म्हणजे ते नाव कसं लागलं त्या नोंदीचा, नंबर होता. मी तो पाहिला, पण फेरफार काढून वाचला नाही. सर्च रिपोर्ट एजंटच्याच वकिलाचा होता, आणि इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या सूचीत, मृत्युपत्र दिसत नसतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

खरेदीखताला धाकटा मुलगा साक्षीदार होता. "घरातलाच माणूस सही करतोय, आणखी काय हवं?" असं एजंट म्हणाला. आणि मी मान डोलावली!

तीन वर्षांनी आजी वारल्या. तेराव्यानंतर महिन्याभरात थोरल्या मुलाची आणि मुलीची नोटीस आली, सोबत वडिलांच्या मृत्युपत्राची प्रत. मजकूर साधा होता: पत्नीने हयातीत घराचा उपभोग घ्यावा, विक्री किंवा गहाण करू नये, तिच्या पश्चात घर तिन्ही मुलांना समान. फेरफारातही 'मृत्युपत्रान्वये' असं स्वच्छ लिहिलेलं.

माझ्या वकिलांनी समजावलं ते असं. आजींकडे फक्त हयातीपुरता हक्क होता, म्हणून मला विकला गेला तोही तेवढाच, आणि त्यांच्याबरोबर तो संपला. मुलांचा हक्क वडील गेले तेव्हाच ठरला होता. ताबा घेण्यासाठी त्यांना आईच्या मृत्यूपासून बारा वर्षं मिळतात, त्यामुळे "इतकी वर्षं गप्प का बसलात?" हा माझा प्रश्न फोल ठरला.

एक आशा होती. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४(१) प्रमाणे, पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी मिळालेली मालमत्ता विधवेची पूर्ण मालकीची होते. तुळसम्मा खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच धरलं. पण नवऱ्याने स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्राने मर्यादा घालून दिली, तर कलम १४(२) लागू शकतं आणि मर्यादा टिकते. आमच्या मृत्युपत्रात पोटगीचा शब्दही नव्हता. वकील म्हणाले, "भांडू, पण भरवसा ठेवू नका."

राहिला धाकटा. नुसती साक्षीदाराची सही म्हणजे हक्क सोडणं नव्हे. तिन्ही मुलं 'लिहून देणार' म्हणून खरेदीखतात आली असती, तर आजींचा हयातीचा हक्क आणि त्यांचा पुढचा हक्क मिळून घर खरंच माझं झालं असतं. मी थोरल्याला एक फोनदेखील केला नव्हता. तो पुण्यात, नंबर आजींच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला. चहा पिताना त्या कॅलेंडरच्याच समोर बसायचो मी.

एजंटचा फोन आता लागत नाही. धाकटा म्हणतो, "मी तर फक्त साक्षीदार होतो."