कॉलेज रोडचं चालू भाड्याचं दुकान की इंदिरानगरचं? माझा हिशोब

गावाकडची थोडी जमीन विकून आलेले पैसे घेऊन मी सहा-सात महिने नाशिकमध्ये भाडेकरूसकट विकायला असलेली दुकानं बघत होतो, शेवटी दोनच उरली. एक कॉलेज रोडला, आत चेन स्टोअर, भाडं महिन्याला ६०,०००, मागणी १ कोटी ५ लाख. दुसरं इंदिरानगरला, आत स्टेशनरीवाला, भाडं ३०,०००, मागणी ५२ लाख. लोकेशन, फ्रंटेज, पार्किंग वगैरे तुम्ही स्वतः बघालच, मी फक्त किंमत कशी काढली आणि ॲग्रीमेंटचा उरलेला काळ त्यात कुठे बसतो तेवढं लिहितो.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे, वर्षाचं भाडं घ्यायचं, खर्च वजा करायचा आणि जो रिटर्न आपल्याला चालेल त्याने भागायचं. कॉलेज रोडचं वर्षाचं भाडं ७.२० लाख, त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, अधूनमधून दुकान रिकामं राहील त्याची तरतूद असा एक लाख काढला की राहिले ६.२० लाख. ६ टक्क्यांनी भागलं की १ कोटी ३ लाख, म्हणजे मागणी बरोबरच वाटते. हाच आकडा ७ टक्क्यांनी भागा, साडेअठ्ठ्याऐंशी लाख येतात. एका टक्क्यात जवळपास १५ लाख उडाले, म्हणून ब्रोकर टक्का आपल्या मनाने धरतो तेव्हा जरा थांबून विचारावं की का.

पण भांडण टक्क्यावर नव्हतंच, ते त्या ६०,००० वर होतं. त्याच लाईनमधल्या तेवढ्याच मापाच्या दोन दुकानांचं भाडं मी विचारलं तर ४५,००० च्या आसपास निघालं. म्हणजे हा भाडेकरू १५,००० जास्त देतोय, आनंद आहे, पण हे जास्तीचे पैसे कधीपर्यंत? भागाकार करताना आपण नकळत धरतो की हे भाडं कायमचं आहे. तसं नसेल तर भाडं दोन तुकड्यांत मोडायचं. ४५,००० चं भाडं कोणीही देईल, ते कायमचं धरून खर्च काढला की ४.४० लाख, ६ टक्क्यांनी साधारण ७३ लाख. वरचे १५,००० मात्र ॲग्रीमेंट आहे तेवढेच महिने मोजायचे.

ब्रोकरचं म्हणणं, “भाऊ, साठ महिन्यांचं रजिस्टर्ड आहे, अजून ४४ महिने बाकी आहेत, चिंताच नाही.” ठीक, ४४ महिने धरले तरी १५,००० प्रमाणे ६.६० लाख, ते हळूहळू येणार म्हणून आजची किंमत साडेपाच लाखांच्या आसपास. ७३ आणि साडेपाच, जवळपास ७९ लाख झाले. १ कोटी ५ लाख अजूनही लांबच आहेत.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं फिरलं ती सांगतो. ॲग्रीमेंटची कॉपी मागितली तर व्हॉट्सॲपवर पहिली दोन पानं आली. भाड्याची रक्कम, मुदत, डिपॉझिट, सगळं ठळक. बाकीची पानं मागितली तर “साहेब बाहेरगावी आहेत”, मग “स्कॅनर बिघडलाय”, मग पुन्हा तीच दोन पानं, या वेळी पीडीएफमध्ये. असं तीन आठवडे चाललं. कागद रजिस्टर्ड होता म्हणून शेवटी वकिलांकरवी पूर्ण नक्कल काढली आणि आतल्या पानावर सापडलं की लॉक-इन फक्त १८ महिन्यांचा, त्यातले १६ संपलेले, आणि त्यानंतर भाडेकरू दोन महिन्यांच्या नोटीसवर जाऊ शकतो. मालकाला मात्र साठही महिने काढता येणार नाही. म्हणजे ४४ महिने बांधलेला मी, भाडेकरू बांधलेला फक्त चार, दोन लॉक-इनचे आणि दोन नोटीसचे. ते १५,००० मी चारच महिने धरू शकत होतो, ६०,००० रुपये. दुकानाची माझ्या लेखी किंमत ७४ लाखांच्या आत आली. कागद रीतसर होता, कोणी खोटं बोललं असंही नाही म्हणता येणार, पण ते एक पान दाखवायला इतकी टाळाटाळ झाली ना, मन उतरलं ते उतरलंच.

साठ महिने हा आकडा आपल्याकडे इतका का दिसतो तेही लक्षात घ्या. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सवर ६० महिन्यांपर्यंत स्टॅम्प ड्युटी किरकोळ, पाव टक्का लागते, त्यापुढे तो लीज धरला जातो आणि ड्युटी वाढते. म्हणून वरचा साठचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, लॉक-इन किती उरलाय आणि तो कोणावर आहे तेच बघा. (जुन्या नाशिकातलं पागडीचं दुकान हा वेगळा विषय, तिथे भाडेकरू निघतच नाही आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ, तिथे भाड्याचा भागाकार करून फार तर करमणूक होईल.)

आता इंदिरानगर. ॲग्रीमेंटचे फक्त नऊ महिने बाकी, आणि माझ्यासकट सगळे त्याला कमीपणाच समजत होते. ३०,००० चे वर्षाला ३.६० लाख, खर्च पन्नास हजार, ३.१० लाख राहिले, ६ टक्क्यांनी ५१-५२ लाख, म्हणजे मागणी त्यावरच होती. पण आजूबाजूचं भाडं ३६,००० चाललेलं. हा माणूस सात वर्षांपासून त्याच दुकानात, मालकाने भिडेखातर भाडं नीट वाढवलंच नव्हतं. इथे नऊ महिन्यांची मुदत माझ्या बाजूची झाली. ३६,००० धरून खर्च जाता ३.८२ लाख, एरिया जरा कमी म्हणून साडेसहा टक्के लावले तरी ५८-५९ लाख, त्यातून दुकान तीन-चार महिने रिकामं राहिलं तर ते नुकसान, ब्रोकरेज, रंगरंगोटी असे दोन लाख काढा, ५६-५७ लाख. हेच ॲग्रीमेंट पाच वर्षं शिल्लक असतं, ३०,००० वरच अडकलेलं, तर मी ५२ लाख दिले नसते.

म्हणजे बाजारापेक्षा जास्त भाडं असेल तर मुदत लांब हवी आणि भाडेकरूवर बांधलेली हवी, कमी असेल तर छोटी बरी.

दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्या. भाडेकरूचं डिपॉझिट विकणाऱ्याकडे असतं पण परत आपल्याला करावं लागतं, ते किमतीतून वजा करून घ्या. आणि भाडं खरंच येतं का ते विकणाऱ्याच्या बँक स्टेटमेंटवरून बघा, भाडेकरू कंपनी असेल आणि टीडीएस कापत असेल तर विकणाऱ्याच्या आयकर खात्याकडच्या टीडीएस नोंदीतही दिसतं. कागदावर ६०,००० आणि खात्यावर ५०,००० असे प्रकार होतात.

मी इंदिरानगरचं घेतलं, ५० लाखांना, दीड लाख डिपॉझिट त्यातून वळतं करून. नऊ महिन्यांनी स्टेशनरीवाले म्हणाले “काका, ३६ नाही जमणार”, दोन चहा झाले, ३४,५०० वर थांबलो, वर नवीन शटर मी बसवून दिलं. त्यामुळे माझा ५६-५७ चा आकडा थोडा फुगलेलाच होता असं म्हणा. कॉलेज रोडचा भाडेकरू मी धरलं होतं तसा गेला नाही, अजून आहे, फक्त लॉक-इन संपल्यावर त्याने नोटीसचा विषय काढला आणि भाडं ५०,००० वर आलं, असं तोच ब्रोकर सांगत होता. ज्यांना जागेचा भाव वाढण्यासाठी घ्यायचंय आणि दोन-चार महिने रिकामं राहिलं तरी चालतं त्यांनी कॉलेज रोडच बघावं, मी नाही म्हणणार नाही, पण ८० लाखांच्या वर जाण्याआधी सगळी पानं मागवा.