कापूस वेचणीचा स्प्रिंगकाटा : हंगामभर फोटोवरून वजन घेतल्यानंतर

दिवाळीच्या आधी, पहिली वेचणी निघायच्या वेळी, हा ५० किलोचा गोल तबकडीचा स्प्रिंगकाटा तालुक्याच्या बाजारातून घेतला. आता फरदडही संपत आली आहे. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, गावापासून लांब. वजन धुऱ्यावरच्या कडुनिंबाच्या फांदीला काटा अडकवून होतं. पुतणी प्रत्येक गाठोड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकते आणि मी घरी वहीत मांडतो. त्यामुळे हा अनुभव काट्याचा आहे तितकाच त्याच्या फोटोवरून खरं वजन काढण्याचाही आहे.

काटा दणकट आहे. मोटारसायकलवर आदळूनही काच शाबूत आहे, आकडे पुसले गेले नाहीत. पण याची शून्यावर राहायची सवय पहिल्या महिन्यातच सुटली. रिकामा आकडा लोंबत असतानाही सुई शून्याच्या पुढे तीन बारीक रेघांवर थांबते. वरच्या बाजूला शून्य जुळवायचा स्क्रू आहे, तो फिरवून सुई जागेवर आणता येते, पण दोन दिवस गाडीवर हिंदकळला की पुन्हा तेच. म्हणून स्क्रूचा नाद सोडून दिला आणि रोज सकाळी वजन सुरू करण्याआधी व संध्याकाळी संपल्यावर रिकाम्या काट्याचा फोटो घ्यायचा नियम केला. दोर किंवा जास्तीचा आकडा वापरणार असू तर तोही त्या फोटोत लटकलेलाच हवा.

फोटो वाचण्याआधी एक रेघ किती ग्रॅमची, हे पाहून घ्यावं लागतं. आमच्या तबकडीवर दर किलोचे पाच भाग आहेत, म्हणजे एक रेघ २०० ग्रॅमची. कुणी ती १०० ची समजलं, तर फोटो कितीही स्वच्छ असला तरी वजन चुकणारच. तीन रेघा म्हणजे ०.६ किलो. ही काट्याची शून्यचूक, आणि सुई शून्याच्या पुढे असल्याने ती प्रत्येक वाचनातून वजा होते.

एका संध्याकाळचा फोटो घेऊ. सुई १४ च्या पुढे, दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या बरोबर मधे, म्हणजे १४.४ आणि १४.६ च्या मधे. वाचन १४.५. त्यातून ०.६ वजा केले की गाठोड्याचं खरं वजन १३.९ किलो. आता यातून चादर काढायची. एकच चादर या काट्यावर नीट वाचता येत नाही, म्हणून आम्ही एकसारख्या पाच चादरी एकदम लटकवल्या. काट्याने ३.१ दाखवले, शून्यचूक काढून २.५, म्हणजे एका चादरीचे ०.५. उरला कापूस १३.४ किलो. वहीत १३.४ एवढंच लिहायचं. १३.४२ लिहिलं तर ते शेवटचं २ या काट्याने दाखवलेलंच नसतं. रेघेच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे १०० ग्रॅमपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं.

वेचणाऱ्या एका मावशींनी सुरुवातीला हटकलं होतं, "भाऊ, काटा साडेचवदा दाखवते, अन् वहीत साडेतेराच्या खाली काहून?" रास्त प्रश्न आहे, त्यांचा चुकारा किलोवर ठरतो. त्यांना सकाळचा रिकाम्या काट्याचा फोटो दाखवला, पाच चादरींचा दाखवला. तेव्हापासून त्या स्वतः आधी रिकामा काटा पाहून घेतात, आणि तसंच व्हायला हवं. वजावट कोणत्या आधारावर होते, हे मजुराला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

शून्यचुकीची एक खूण आहे: ती किलोवर नाही, गाठोड्यांच्या संख्येवर वाढते. पाच किलोचं गाठोडं असो वा वीसचं, चूक ०.६ चीच. शंभर गाठोडी झाली की ६० किलो. घरच्या वहीची बेरीज आणि जिनिंगच्या वजनकाट्याची पावती यात असा फरक निघाला, तर आधी त्याला गाठोड्यांच्या संख्येने भागून पाहावं. उत्तर रिकाम्या काट्याच्या वाचनाजवळ आलं तर कारण सापडलं. दवाने ओला वेचलेला कापूस वाळून हलका होतो, तो फरक मात्र वेगळा धरायचा.

सगळ्यात जास्त लक्ष फोटोच्या कोनाकडे द्यावं लागतं. सुई तबकडीला चिकटलेली नसते, आमच्या काट्यात अंदाजे अर्धा सेंटिमीटर पुढे आहे. काटा उंच फांदीला असतो आणि फोटो खालून निघतो. खालून पाहिलं की सुई तबकडीवर आहे त्यापेक्षा वर सरकलेली दिसते. शून्य तबकडीच्या माथ्यावर असल्यामुळे रिकामी सुई जवळजवळ उभी असते. ती वर सरकली तरी वाचन बदलत नाही. पण बारा-चौदा किलोला सुई उजवीकडे आडवी होते, आणि तिथे वर सरकणं म्हणजे शून्याकडे सरकणं. तीस अंश खालून काढलेल्या फोटोत आमच्या तबकडीवर हा फरक पाव किलोच्या आसपास जातो, रेघेपेक्षा जास्त. म्हणजे दोन्ही फोटो एकाच कोनातून काढले म्हणून चूक कटत नाही, आणि नुकसान वेचणाऱ्या बाईचं होतं. सदतीस किलोजवळ सुई डावीकडे आडवी असते, तिथे उलट वजन जास्त दिसतं.

फोटो तिरपा आहे हे ओळखणं सोपं आहे. तबकडी गोल न दिसता चपटी दिसते, किंवा पेटीची खालची कड दिसते. असा फोटो मी परत पाठवतो. आता काटा खालच्या फांदीला, पुतणीच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो, आणि गाठोडं फिरायचं थांबल्यावर, पेटीला बोटाने हलकी टिचकी मारून सुई स्थिरावली की मगच फोटो.

शेजारच्या वावरातल्या काट्याची गोष्ट उलटी आहे. त्याची रिकामी सुई शून्याच्या डावीकडे, ४९.६ वर उभी राहते. ते ४९.६ किलो नव्हे, उणे ०.४ आहे. उणे वजा करायचं म्हणजे मिळवायचं: वाचन १४.५ तर खरं वजन १४.९. काही काट्यांत शून्याजवळ सुईला अडवणारी खीळ असते. तिथे सुई शून्यावर टेकलेली दिसते आणि उणे चूक लपून जाते. अशा काट्याला माहीत वजन लावूनच ती कळते. ५ किलोला ४.६ आणि १० ला ९.६ दाखवलं तर चूक शून्याची. ५ ला ४.६ पण १० ला ९.२ दाखवलं तर स्प्रिंगच बदलली आहे, आणि तिथे एकच आकडा मिळवून भागत नाही.

आमचा काटा मी दोन गोष्टींवर तपासतो. युरियाच्या न फोडलेल्या गोणीत ४५ किलो खत असतं, काट्याने ४५.७ दाखवले, शून्यचूक काढून ४५.१, आणि रिकाम्या गोणीचं थोडं वजन धरता ते जुळतं. दुसरं, बादली लटकवून वाचन घ्यायचं, मग मापाने १० लिटर पाणी ओतून पुन्हा घ्यायचं. दोन वाचनांतला फरक १० किलो यायला हवा. वजाबाकीत बादलीही जाते आणि शून्यचूकही. संक्रांतीनंतर पुन्हा तपासलं तेव्हाही १० च आले, म्हणून कापसाला हा काटा पुढच्या हंगामातही ठेवणार आहे. तीळ, मूग असलं दोन-तीन किलोचं मोजायला मात्र १० किलोचा, बारीक रेघांचा वेगळा काटा लागेल.