दुहेरी आकडा आणि हरवलेला आकडा: चार पद्धतींपैकी कोणती घ्यावी?

ॲरेमध्ये १ ते n हे आकडे एकेकदा असायला हवे होते. त्यातला एक दोनदा आला आहे आणि त्यामुळे दुसऱ्या एकाची जागा गेली आहे. दोन्ही शोधायचे आहेत. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. लीटकोडवर तो ६४५ क्रमांकावर आहे आणि तिथे n जास्तीत जास्त १०,००० आहे. पुढे हा आकडा कामाला येईल.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ: `3 1 6 3 5 4`. इथे n = ६, दोनदा आलेला ३ आणि हरवलेला २.

ॲरे आधी सॉर्ट करून शेजारचे आकडे ताडून पाहणे हाही मार्ग आहे. पण बाकीच्या चारही पद्धती n च्या प्रमाणात वेळ घेतात, मग सॉर्टिंगचा जादा वेळ कशाला द्यायचा? त्यामुळे तो इथेच सोडतो.

पहिली पद्धत खुणांची, आणि मला स्वतःला हीच सगळ्यात जास्त आवडते. प्रत्येक आकड्यासाठी एक बिट ठेवायचा. आकडा दिसला की बिट लावायचा. बिट आधीच लागलेला असेल तर तो दुहेरी. शेवटी जो बिट कोरा राहिला तो हरवलेला.

```java
BitSet seen = new BitSet(n + 1);
int dup = 0;
for (int x : a) {
    if (seen.get(x)) dup = x;
    else seen.set(x);
}
int miss = seen.nextClearBit(1);
```

हिच्यावर आक्षेप एकच घेतला जातो: जास्तीची मेमरी लागते. पण किती लागते ते कुणी मोजत नाही. n एक कोटी धरा. चार बाइटच्या `int` चा मूळ ॲरेच चार कोटी बाइट खातो, आणि बिटांचा हा पट्टा साडेबारा लाख बाइटांत बसतो, म्हणजे ॲरेच्या बत्तिसाव्या हिश्शात. ज्या मशीनमध्ये ॲरे मावला, तिथे हे सहसा मावतेच. हॅशमॅप वापरला तर मात्र तो आक्षेप खरा ठरतो, कारण तिथे प्रत्येक आकड्यामागे कितीतरी बाइट जातात. आकडे १ ते n असे सलग असताना हॅशमॅपची गरजच नसते.

दुसरी पद्धत बीजगणिताची. दुहेरी आकडा D आणि हरवलेला M माना. ॲरेची बेरीज २२ येते, हवी होती २१, म्हणून D − M = १. वर्गांची बेरीज ९६ येते, हवी होती ९१, म्हणून D² − M² = ५. दुसऱ्याला पहिल्याने भागले की D + M = ५ मिळते, आणि D = ३, M = २ सुटतात. जास्तीची मेमरी जवळजवळ शून्य. कागदावर देखणी आहे, पण कोड लिहिताना बहुतेक जण अपेक्षित बेरीज सूत्राने काढतात आणि तिथे फसतात. वर्गांच्या बेरजेच्या n(n+1)(2n+1)/6 या सूत्रातला n(n+1)(2n+1) हा गुणाकार ३२ बिटांच्या `int` मध्ये n = १०२३ पर्यंतच बसतो, १०२४ ला ओव्हरफ्लो होतो. लहान टेस्ट पास होतात आणि १०,००० ची टेस्ट आली की उत्तर भलतेच येते.

यातली बारीक गोष्ट अशी की जावामध्ये बेरीज ओव्हरफ्लो झाली तरी वजाबाकी करताना तो फेरा उलटा फिरतो, आणि अंतिम फरक मावण्याएवढा असेल तर तो बरोबरच येतो. खरे नुकसान करतो तो ओव्हरफ्लोनंतरचा ६ ने भागाकार. म्हणून सूत्र टाकून द्यावे आणि फरकच साठवत जावा:

```java
long d = 0, q = 0;
for (int i = 0; i < n; i++) {
    long x = a[i], k = i + 1;
    d += x - k;
    q += x * x - k * k;
}
long s = q / d;
long dup = (s + d) / 2, miss = (s - d) / 2;
```

असे लिहिले की ॲरे कितीही मोठा असो, जावात उत्तर बिघडत नाही. सी++ मध्ये चिन्हासहित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाला तर काय होईल याची भाषा हमी देत नाही, त्यामुळे तिथे `unsigned` मध्ये साठवून शेवटी बदलावे.

पण या पद्धतीची खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही दिलेल्या शब्दावर ती डोळे झाकून विश्वास ठेवते. समजा ॲरे `1 1 3 3 5 6` असा आला, म्हणजे दोन दुहेरी आणि दोन हरवलेले. d = −२, q = −१०, s = ५. वरचा कोड सांगेल: दुहेरी १, हरवलेला ३. तीन तर तिथे दोनदा बसला आहे! एरर नाही, काही नाही, दिसायला अगदी सरळ उत्तर. २, ३ आणि ४ या तिन्हींच्या जागी ३ आला, म्हणजे ॲरे `3 3 3 1 5 6` झाला, तर d शून्य होतो आणि निदान भागाकार तरी बोंब मारतो. खुणांच्या पद्धतीत मात्र दुसरा दुहेरी सापडताक्षणी थांबता येते. फक्त n पेक्षा मोठा आकडा आला तर `BitSet` गुपचूप वाढतो, म्हणून x हा १ ते n मध्ये आहे की नाही, हे आधी तपासावे.

तिसरी, एक्सॉरची. ॲरेतले सगळे आणि १ ते ६ सगळे एकत्र एक्सॉर केले की जोड्या उडतात आणि ३ ^ २ = १ उरतो. उरलेल्यात जो बिट लागलेला आहे त्यात D आणि M वेगळे आहेत. इथे तो शेवटचा बिट, म्हणून विषम आणि सम असे दोन गट. विषम गटात ॲरेतून ३, १, ३, ५ आणि यादीतून १, ३, ५; उरतो ३. सम गटात ६, ४ आणि २, ४, ६, उरतो २. ओव्हरफ्लोचा प्रश्नच नाही. पण इथवर दोन आकडे मिळाले, दुहेरी कोणता ते कळलेले नाही. त्यासाठी ॲरेवरून आणखी एकदा फिरून ३ दिसतो का ते पाहावे लागते. विसरली जाते ती हीच फेरी, आणि मग निम्म्या टेस्टमध्ये उत्तरे उलटी येतात. सी++ मध्ये मोठा n असेल आणि मेमरी खरोखरच नसेल, तर मी वर्गांऐवजी ही घेईन.

चौथीत ॲरे स्वतःच वही होतो. ३ वाचला की तिसऱ्या जागेवरचा आकडा ऋण करायचा, १ वाचला की पहिल्या जागेवरचा, आणि वाचताना चिन्ह सोडून वाचायचे. आपल्या उदाहरणात चौथ्या पायरीला पुन्हा ३ येतो, तिसरी जागा आधीच ऋण असते, म्हणून दुहेरी ३. शेवटी धन राहिलेली जागा दुसरी, म्हणून हरवलेला २. वेगळी मेमरी लागत नाही आणि दुसरा दुहेरी आला तर तोही पकडता येतो, हा एक्सॉरपेक्षा मोठा फायदा. पण ॲरे तुमचा हवा. तोच ॲरे दुसरा थ्रेड वाचत असेल तर त्याला मध्येच ऋण आकडे दिसतील. `unsigned` प्रकारात ही युक्ती जशीच्या तशी चालतच नाही. काम संपल्यावर सगळे आकडे पुन्हा धन करायची फेरीही तुमच्याच अंगावर.

खऱ्या डेटावर, जिथे आकडे माणसांनी भरलेत किंवा फाइलमधून आलेत, तिथे मी खुणांशिवाय दुसरे काही वापरणार नाही, कारण तिथे 'एकच दुहेरी, एकच हरवलेला' हा शब्द पाळला जाईलच असे नाही. मुलाखतीत मेमरी वाढवू नका असे सांगितले, तर आधी विचारा: ॲरे बदललेला चालेल का? चालत असेल तर चिन्हांची पद्धत लिहा, नाहीतर शेवटच्या फेरीसकट एक्सॉर.