ग्रामसभेची सूचना: फळ्यावरची आणि दवंडीची

गावात सूचना दोन वाटांनी जाते. एक पंचायतीच्या फळ्यावर लागते, दुसरी भोंग्यावरून किंवा दवंडीने ऐकवली जाते. बऱ्याच ठिकाणी फळ्यावरचाच कागद भोंग्यावर वाचतात आणि तिथेच गोची होते.

फळ्यावरचा कागद हा पुरावा असतो. सात दिवस आधी कळवलं नाही, अशी हरकत उद्या कुणी घेतली, तर तोच दाखवावा लागतो. म्हणून त्यावर सभेची तारीख, वार, वेळ, ठिकाण, क्रमवार विषय, सही-शिक्का आणि कागद लावल्याची तारीख हवी. समजा, सभा शुक्रवार, 1 मे 2026 रोजी आहे. कागद 23 एप्रिलला लागला, तर मधले पूर्ण सात दिवस मिळतात. लावल्यावर फळ्यासकट फोटो काढून ठेवावा. मात्र हा कागद जो फळ्यापाशी येतो त्यालाच कळतो. मळ्यातल्या वस्तीवरची माणसं तिकडे फिरकतातच असं नाही.

दवंडी घराघरात पोहोचते, पण ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, अध्यक्षतेखाली’ इथपर्यंत येईस्तोवर माणूस बैल सोडायला निघून गेलेला असतो. तारीख वाक्याच्या शेवटी आली, तर ती वाऱ्यावर जाते. ऐकवायचा मजकूर असा असावा:

‘एक मे, महाराष्ट्र दिन, शुक्रवार. सकाळी नऊ वाजता मारुतीच्या देवळासमोर ग्रामसभा आहे. विषय पाण्याचा. टँकर कोणत्या वस्तीवर, किती वाजता उभा राहायचा, ते ठरवायचं आहे. बायाबापड्यांनी जरूर यावं. पुन्हा सांगतो, एक मे, सकाळी नऊ, मारुतीचं देऊळ.’

यात ‘येत्या शुक्रवारी’ म्हणू नये. 23 एप्रिलला गुरुवार आहे. त्या दिवशी हे ऐकणारा दुसऱ्याच दिवशी देवळापाशी येऊन बसेल. रेकॉर्डिंग करून रोज वाजवणार असाल, तर ‘उद्या’ हा शब्दही नको. तो फक्त 30 एप्रिलच्या संध्याकाळी, वेगळ्या रेकॉर्डिंगमध्ये चालेल.

विषयाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे एकच कसूर दिसते. ‘पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करणे’ एवढंच लिहिलं की आपल्या वस्तीचं काही ठरणार आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग माणसं जमत नाहीत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती झाली नाही, तर सभा तहकूब.

फळ्यावरच्या कागदाला पर्याय नाही, तो लावावाच लागतो. पण माणसं यावीत असं वाटत असेल, तर जास्त वेळ दवंडीच्या चार ओळींवर घालवा. ती पहाटे, माणसं शेताकडे निघायच्या आधी द्या आणि भोंगा जिथे ऐकू जात नाही त्या वस्त्यांवर माणूस पाठवा.